नऊवारीच्या व्हिडिओचे शीर्षक आणि वर्णन

साडी नेसण्याचा व्हिडिओ शोधणारी व्यक्ती बहुतेक वेळा एका हातात साडी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन उभी असते. कोणती साडी नेसायची, कशासाठी नेसायची आणि साधारण कोणत्या पद्धतीने नेसायची हे तिचे ठरलेले असते. नेसता नेसता ती एखाद्या टप्प्यावर अडते, तेव्हा त्या टप्प्याचे नाव टाइप करते. शीर्षक आणि वर्णन लिहायचे ते या दोन वेळांसाठी. नेसायला सुरुवात करण्यापूर्वी जे शोधले जाते ते शीर्षकात यावे आणि मध्येच अडल्यावर जे शोधले जाते ते वर्णनात, टप्प्यांच्या नावांसह यावे. ही विभागणी सहावारीलाही लागू पडते. पण नऊवारीत पद्धतींची नावे अधिक, टप्पे अधिक आणि गोंधळही अधिक, म्हणून तिचेच उदाहरण घेणे सोयीचे. पुढील विवेचन यूट्यूबवरच्या व्हिडिओला धरून आहे.

पहिला गोंधळ ‘नऊवारी’ या शब्दापाशीच होतो. या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी शोधल्या जातात. काहींकडे खरी नऊ वारांची, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीची साडी असते आणि ती न शिवता कशी नेसायची हे त्यांना हवे असते. काहींकडे सहावारीच असते, साधारण साडेपाच मीटरची, आणि तिलाच काष्टा घालून नऊवारीचे रूप द्यायचे असते. काहींनी शिवलेली नऊवारी विकत आणलेली असते आणि ती घालताना नाड्या कुठे बांधायच्या एवढाच त्यांचा प्रश्न असतो. शीर्षकात नुसते ‘नऊवारी साडी’ लिहिले, तर तिन्ही प्रकारचे प्रेक्षक येतात आणि त्यांतले दोन प्रकारचे परत जातात. सहावारी हाती असलेली स्त्री तर बरीच पुढे जाऊन, निऱ्यांपाशी कापड पुरत नाही असे दिसल्यावर थांबते. म्हणून सहावारीपासून केलेल्या प्रकाराच्या शीर्षकात ‘सहावारीची नऊवारी’ हे शब्द आणि तयार साडीच्या शीर्षकात ‘शिवलेली’ हा शब्द हवाच. खऱ्या नऊवारीच्या व्हिडिओत शीर्षकात पद्धतीचे नाव आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत साडीची लांबी दिली, की ही अडचण उरत नाही.

पद्धतीच्या नावांबाबत थोडे सावध राहावे लागते. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, मराठमोळी, कोळी, लावणीची ही नावे शोधात सर्रास वापरली जातात, पण सगळ्यांच्या मनात त्यांचा अर्थ एकच नसतो. कोळी पद्धतीची साडी गुडघ्यापर्यंत असते आणि ती चटकन ओळखता येते. पेशवाई आणि मस्तानी ही नावे मात्र तयार नऊवारी विकणारे बरीच सैलपणे वापरतात. त्यामुळे शीर्षकात एकच नाव घ्यावे, जे प्रत्यक्षात दाखवले आहे तेच घ्यावे आणि ‘ब्राह्मणी पेशवाई मस्तानी नऊवारी’ अशी माळ लावू नये. ती वाचून कोणालाच आपला प्रश्न सुटेल असे वाटत नाही. शिवाय व्हिडिओत नसलेल्या गोष्टी शीर्षकात घालणे यूट्यूबच्या दिशाभूलविषयक नियमांतही बसत नाही.

कापडाचे नाव शीर्षकात असावे का, याचे उत्तर कापडामुळे कृती बदलते का यावर ठरवावे. जरीच्या काठाच्या पैठणीत आणि सेमी पैठणीत कापडाला अंगचा ताठपणा असतो. निऱ्या घडीला बसतात आणि काष्ट्याचा काठ मागे सरळ उभा राहतो, पण पदर जड असल्यामुळे खांद्यावरची पिन नीट बसवावी लागते. नव्या सुती साडीत खळ असते. तिच्या निऱ्या पोटापाशी फुगतात, म्हणून आधी इस्त्री करणे आणि निऱ्या दाबून खोचणे हा वेगळा टप्पा होतो. जॉर्जेट घसरते. तिथे कमरेची गाठ आणि पिना हाच मुख्य विषय असतो. इरकल अंगाला धरून बसते आणि तिच्या पदराचा रंग व वीण वेगळी असते, त्यामुळे पदराचा किती भाग पुढे दिसावा हे ठरवावे लागते. व्हिडिओत यांपैकी ज्या कापडाची अडचण हाताळली आहे त्याचेच नाव शीर्षकात यावे. ‘कोणत्याही साडीसाठी’ हे शब्द शोधणारीच्या काहीच कामाचे नसतात, कारण तिच्या कपाटात ‘कोणतीही साडी’ नसते, एक ठरावीक साडी असते.

इथे प्रेक्षक कापडाला काय म्हणतात, याकडेही लक्ष द्यावे. विणकर आणि दुकानदार धाग्यावरून बोलतात. नेसणाऱ्या मात्र ‘सिल्क’, ‘कॉटन’, ‘पैठणी’, ‘सेमी पैठणी’, ‘काठपदर’ असे शब्द टाइप करतात. ‘काठपदर’ हा कापडाचा प्रकार नव्हे, तरी तो शोधात येतोच. शीर्षकात सर्वांत ओळखीचा शब्द वापरावा आणि नेमके नाव, म्हणजे शुद्ध रेशीम आहे की मिश्र धागा, वर्णनात सांगावे. सेमी पैठणी नेसून दाखवताना शीर्षकात केवळ ‘पैठणी’ लिहिणे टाळावे. शुद्ध रेशमाचे वजन आणि घडी वेगळी असते, आणि व्हिडिओत दिसते तसे आपल्या साडीचे का होत नाही, हे कोडे नेसणारीला सुटत नाही.

प्रसंगाचे नावही असेच पारखून घ्यावे. मंगळागौरीला नऊवारी नेसून फुगडी, झिम्मा, पिंगा खेळायचा असतो. साडी पायात येऊ नये, काष्टा सुटू नये आणि पदर कमरेला खोचलेला राहावा, हीच तिथली गरज असते. लग्नातल्या विधींच्या वेळी बराच वेळ बसावे लागते, पदर छायाचित्रात नीट दिसावा लागतो आणि नेसवणारी दुसरी व्यक्ती मदतीला असते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत कित्येक जणी दुचाकीवर बसतात. प्रसंग बदलला की कमरेची गाठ, काष्ट्याची उंची आणि पदराची लांबी बदलते. म्हणून ज्या व्हिडिओत हा फरक दाखवला आहे, त्याच्याच शीर्षकात प्रसंगाचे नाव शोभते. एरवी ते केवळ ओढून आणलेले असते.

भाद्रपदात एक खास घोटाळा होतो आणि तो टाळणे सोपे आहे. ‘गौरी’ हा शब्द टाइप करणाऱ्या पुष्कळ स्त्रियांना स्वतः साडी नेसायची नसते, गौरीच्या मुखवट्याखालच्या सांगाड्याला साडी नेसवायची असते. विदर्भ-मराठवाड्यात त्याच वेळी ‘महालक्ष्मी’ असा शोध घेतला जातो. अशा वेळी ‘गौरी-गणपती स्पेशल नऊवारी’ असे शीर्षक दिले, तर मूर्तीला साडी नेसवू पाहणारी येते आणि दहा सेकंदांत निघून जाते. ‘गौरी पूजनाला स्वतः नेसा’ किंवा ‘गौरीला साडी नेसवणे’ अशा थोड्याशा शब्दांच्या फरकाने दोन्ही प्रेक्षकांना योग्य वाट मिळते.

आता लिपीचा प्रश्न. मराठी प्रेक्षक एकच गोष्ट तीन तऱ्हांनी टाइप करतात: देवनागरीत ‘नऊवारी साडी कशी नेसायची’, रोमन लिपीत मराठीच `nauvari saree kashi nesaychi`, आणि इंग्रजीत `how to wear nauvari saree`. त्यातही `nauvari`, `navvari`, `nauwari`, `nav vari` अशी रूपे असतात. देवनागरीत ‘नऊवारी’ आणि ‘नववारी’ दोन्ही चालतात, आणि ‘नेसायची’ऐवजी ‘घालायची’ लिहिणाऱ्याही कमी नाहीत. ही सगळी रूपे शीर्षकात कोंबता येत नाहीत आणि कोंबूही नयेत. शीर्षकात देवनागरीतले एक पूर्ण वाक्य आणि रोमन लिपीतला एक छोटा तुकडा पुरतो. दुसरे एखादे रूप वर्णनातल्या वाक्यात सहज येते. चुकीची म्हणावीत अशी स्पेलिंगे टॅगच्या रकान्यात टाकावीत. व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो, पण ज्या शब्दांचे स्पेलिंग वारंवार चुकते तिथे ते उपयोगी पडतात, असे यूट्यूब स्वतःच सांगते. ‘नऊवारी’ हा नेमका तसा शब्द आहे. टॅगच्या शब्दांची लांबलचक यादी वर्णनात चिकटवण्याला मात्र मनाई आहे.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांसाठी नऊवारी नेसणाऱ्या अनेक जणींना मराठी बोलता येते पण वाचता येत नाही. त्यांच्यासाठी शीर्षकात इंग्रजी वाढवत नेण्यापेक्षा यूट्यूब स्टुडिओत शीर्षक व वर्णनाचे इंग्रजी भाषांतर वेगळे भरणे चांगले. ज्यांच्या यूट्यूबची भाषा इंग्रजी आहे, त्यांना मग ते भाषांतर दिसते आणि मूळ मराठी शीर्षक स्वच्छ राहते.

शीर्षकाला यूट्यूबवर १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत ही मोजणी फसवी असते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘काष्टा’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो सहा भरतो. ‘ब्राह्मणी’ नऊ भरतो. शिवाय मोबाइलवर शीर्षकाचा शेवट अनेकदा कापला जातो. म्हणून जे सर्वांत जास्त शोधले जाते ते अगदी सुरुवातीला, आणि रोमन तुकडा शेवटी ठेवावा.

समजा व्हिडिओ बारा मिनिटांचा आहे. त्यात नऊ वारांची सेमी पैठणी ब्राह्मणी पद्धतीने, परकराशिवाय, आत लेगिंग घालून नेसून दाखवली आहे आणि शेवटी मंगळागौरीचे खेळ खेळताना पदर कसा खोचायचा तेही दाखवले आहे. पहिल्या झटक्यात सुचणारे शीर्षक असे असते: ‘पारंपरिक मराठमोळा लूक, खास तुमच्यासाठी!’ त्यात साडी हा शब्दही नाही. दुसऱ्या टोकाचे शीर्षक असे: ‘नऊवारी साडी काष्टा साडी पैठणी नऊवारी ब्राह्मणी नऊवारी लग्नासाठी सोपी पद्धत’. त्यात शब्द आहेत, पण वाक्य नाही आणि लग्नाचा उल्लेख खोटा आहे. या व्हिडिओसाठी नीट बसणारे शीर्षक असे होईल:

```
ब्राह्मणी नऊवारी साडी कशी नेसायची: मंगळागौरीसाठी सेमी पैठणी | Brahmani Nauvari Saree
```

मोजणीत हे ८४ भरते. पहिल्या ३३ अक्षरांत पद्धत आणि प्रश्न पूर्ण होतो, त्यामुळे पुढचे कापले गेले तरी अर्थ उरतो. ‘कशी नेसायची’ हे शब्द टाइप केले जातात तसेच ठेवले आहेत. ‘नेसण्याची पद्धत’ किंवा ‘परिधान करण्याची कला’ असे लिहिले की वाक्य जड होते आणि शोधाशी जुळतही नाही. ‘सोपी’, ‘फक्त ५ मिनिटांत’ हे शब्द मुद्दाम टाळले आहेत. बारा मिनिटांच्या व्हिडिओला ते शोभत नाहीत आणि पहिल्यांदा काष्टा घालणारीला त्यापेक्षा जास्तच वेळ लागतो.

वर्णनाला ५००० अक्षरांची जागा आहे, पण उघडण्यापूर्वी त्यातल्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. त्या ओळी ‘नमस्कार मैत्रिणींनो’ आणि चॅनेलला सबस्क्राइब करण्याच्या विनंतीत घालवणे हे सर्वत्र दिसणारे नुकसान आहे. तिथे शीर्षकात न मावलेली माहिती वाक्यरूपात यावी. वरच्या व्हिडिओसाठी सुरुवात अशी करता येते: ‘नऊ वारांची (सुमारे सव्वाआठ मीटर) सेमी पैठणी ब्राह्मणी पद्धतीने, परकराशिवाय नेसून दाखवली आहे. फुगडी-झिम्मा खेळताना काष्टा सुटू नये म्हणून कमरेची गाठ कशी मारायची आणि पदर कुठे खोचायचा, तेही आहे.’ या दोन वाक्यांत लांबी, कापड, पद्धत, प्रसंग, आणि ‘काष्टा सुटू नये’ ही प्रत्यक्ष टाइप होणारी अडचण आली आहे.

त्यानंतरच्या परिच्छेदात नेसणाऱ्या व्यक्तीची साधारण उंची, आत काय घातले आहे, किती सेफ्टी पिना लागतात, साडीला फॉल-पिको केले आहे का आणि एकटीने नेसता येते की मदत लागते, एवढे सांगावे. उंची सांगण्याचे कारण स्पष्ट आहे. उंच किंवा स्थूल स्त्रीला तीच साडी कमरेला गुंडाळताना जास्त लागते आणि निऱ्यांसाठी कमी उरते. व्हिडिओत दिसतात तितक्या निऱ्या आपल्या येत नाहीत, यात चूक आपली नाही हे तिला कळले पाहिजे. साडी दुसऱ्या कापडाची असेल तर काय बदलते, याची दोन-तीन वाक्येही इथेच यावीत: सुती असेल तर आधी इस्त्री करून निऱ्या दाबाव्यात, जॉर्जेट असेल तर कमरेपाशी एक पिन जास्त लावावी. अशी वाक्ये लिहिली की कापडांची नावे वर्णनात अर्थासह येतात, त्यांची वेगळी यादी करावी लागत नाही.

वर्णनाचा सर्वांत कामाचा भाग म्हणजे टप्प्यांची वेळेसह नावे. यूट्यूब त्यांवरून व्हिडिओचे विभाग पाडते, आणि मधल्याच टप्प्यावर अडलेली स्त्री थेट तिथे पोहोचते. त्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात. पहिली वेळ `00:00` असावी, निदान तीन वेळा चढत्या क्रमाने असाव्यात आणि कोणताही विभाग दहा सेकंदांपेक्षा लहान नसावा. वेळ `0` ते `9` या अंकांतच लिहावी.

```
00:00 तयार झालेली ब्राह्मणी नऊवारी
00:25 साडी, लेगिंग, पिना: काय लागेल
01:10 पदर किती ठेवायचा
02:30 कमरेची गाठ कशी मारायची
04:05 निऱ्या (मिऱ्या, प्लेट्स) घालणे
06:40 काष्टा काढणे आणि मागे खोचणे
09:15 ओचा नीट करणे
10:20 पदराच्या घड्या आणि खांद्यावरची पिन
11:20 खेळताना पदर खोचणे
```

यात नावांची निवड विचारपूर्वक करावी लागते. निऱ्यांना कित्येक घरांत ‘मिऱ्या’ म्हणतात आणि शहरातल्या मुली ‘प्लेट्स’ म्हणतात. तिन्ही शब्द एकाच ओळीत देणे इथे योग्य आहे, कारण एकाच टप्प्याची ती तीन चालती नावे आहेत. काष्ट्याला ‘कासोटा’ही म्हणतात. तो शब्द वरच्या परिच्छेदात एकदा आला तरी पुरते. ‘ओचा’ मात्र तरुण प्रेक्षकांपैकी अनेकींना ठाऊक नसतो, म्हणून वर्णनात एकदा ‘समोर कमरेशी खोचलेला निऱ्यांचा भाग’ असे सांगावे. ‘टप्पा १’, ‘टप्पा २’ अशी नावे देऊ नयेत. अडलेल्या स्त्रीला आपण कितव्या टप्प्यावर आहोत हे माहीत नसते, काष्ट्यावर आहोत एवढेच माहीत असते. जी नावे वर्णनात लिहिली, तीच बोलताना उच्चारावीत आणि पडद्यावरच्या पट्टीतही तीच दाखवावीत. वर्णनात ‘काष्टा’ आणि आवाजात ‘कासोटा’ असले, तर नवखी स्त्री गोंधळते.

शब्द कुठून मिळवायचे, याचा एक साधा मार्ग आहे. शोधाच्या चौकटीत `nauvari saree` एवढेच टाइप करून थांबावे आणि खाली सुचवले जाणारे शब्द पाहावेत. मग तेच देवनागरीत, आणि नंतर `kashta`, `padar` अशा एकेका टप्प्याने करावे. स्वतःच्या जुन्या शोधांचा परिणाम येऊ नये म्हणून हे ब्राउझरच्या खासगी खिडकीत करणे बरे. सुचवण्यांतले शब्द सणांप्रमाणे बदलतात, त्यामुळे मंगळागौरीच्या व्हिडिओसाठी आषाढातच हे पाहून ठेवावे. श्रावणातले मंगळवार सुरू झाल्यावर व्हिडिओ टाकला, तर शोधणाऱ्या बहुतेकींचे नेसून झालेले असते.

प्रकाशनानंतर शीर्षक बरोबर होते का हे यूट्यूब स्टुडिओच्या विश्लेषणात दिसते. यूट्यूबवरच्या शोधातून आलेले प्रेक्षक कोणते शब्द टाइप करून आले, याची यादी तिथे मिळते. त्यात ‘सहावारी’ किंवा `readymade` असे शब्द वर असतील आणि प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटातच कोसळत असेल, तर शीर्षक चुकीच्या व्यक्तीला बोलावत आहे. अशा वेळी पद्धत आणि लांबी जास्त स्पष्ट करावी. शब्द बरोबर आहेत पण आलेख निऱ्यांनंतर घसरतो, असे असेल तर दोष शीर्षकाचा नाही. तो टप्पा नीट दिसत नसावा. आलेखात एखाद्या जागी उंचवटा असेल, तर तो भाग पुन्हा पुन्हा पाहिला जात आहे. नऊवारीत तो उंचवटा काष्ट्यापाशी येण्याची शक्यता मोठी. मग त्या विभागाचे नाव आणखी नेमके करावे, जसे ‘काष्ट्याचा काठ मध्यभागी कसा आणायचा’, आणि त्यावर स्वतंत्र छोटा व्हिडिओ करून त्याच्या शीर्षकात ‘काष्टा’ हा शब्द सर्वांत आधी ठेवावा.

बदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काही दिवस थांबावे. शीर्षक आणि मुखचित्र एकाच दिवशी बदलले, तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. श्रावण संपल्यावर शीर्षकातला प्रसंग बदलता येतो का, हाही प्रश्न येतो. पदर खोचण्याचा भाग नवरात्रात भोंडला खेळणारीलाही उपयोगी आहे, म्हणून ‘मंगळागौरीसाठी’च्या जागी ‘भोंडल्यासाठी’ आले तर ते खरे ठरते. वर्णनाच्या दुसऱ्या वाक्यातही मग तसाच बदल करावा. ‘लग्नासाठी’ मात्र लिहू नये. नवरीचा पदर मोकळा आणि लांब हवा असतो, आणि या व्हिडिओत तो कमरेला खोचलेला आहे.